‘एनपीडीच्या मॅनेजरांशी गाठ घालून देतो’ म्हणाले, त्यावर अठरा दिवस गेले

प्रश्न: मी बेळगावचा, उद्यमबागेतल्या एका कारखान्यात चार वर्षं क्वालिटीत आहे. सीएमएम हे भागांची मापं घेणारं मशीन चालवतो, नवीन भागाला ग्राहकाची मंजुरी मिळवण्यासाठीच्या पीपीएपी फायली करतो. एका मोठ्या इंजिनिअरिंग कंपनीत लाइन क्वालिटीच्या जागेसाठी शुक्रवारी मुलाखत झाली. शेवटी क्वालिटी मॅनेजर म्हणाले, ‘तुमचं ड्रॉइंग वाचणं चांगलं आहे, तुम्ही लाइनवर कशाला? आमच्या एनपीडीत जास्त शोभाल. तिथल्या मॅनेजरांशी तुमची गाठ घालून देतो.’ एनपीडी म्हणजे नवीन भाग विकसित करणारा विभाग. मी आभाराचा व्हॉट्सअॅप केला, त्यावर ‘चेक करतो’ एवढंच उत्तर आलं. आज मंगळवार, अठरा दिवस झाले. मध्ये गणपती येऊन गेले. एचआरकडूनही काही नाही. परत विचारलं तर मागे लागल्यासारखं होईल का? वेबसाइटवर सरळ अर्ज टाकू का? बाबा म्हणतात, त्यांच्या ओळखीचे एकजण त्या कंपनीत आहेत, त्यांच्याकडून फोन करवू.

उत्तर:

आधी दिवस नीट मोजा. तुमच्या अठरा दिवसांत तीन रविवार आहेत. कंपनीच्या ऑफिसचा आठवडा पाच दिवसांचा असेल तर तीन शनिवारही गेले. उरले बारा. त्यातून चतुर्थीची सुट्टी आणि गणपतीसाठी गावी गेलेल्यांच्या रजा वजा केल्या, तर प्रत्यक्ष काम झालेले दिवस नऊ-दहाच भरतात. एवढ्यात दोन मॅनेजरांचं एका उमेदवाराबद्दल बोलणं झालं नाही, यावरून काहीच अनुमान काढता येत नाही. तेव्हा पुन्हा विचारायची वेळ आत्ता कुठे आली आहे, ती टळून गेलेली नाही.

त्यांचं बोलणं खरं होतं की निरोपाचं गोड बोलणं होतं, हे ओळखायची एक बऱ्यापैकी भरवशाची खूण आहे. नकार सौम्य करायला माणूस ‘आमच्याकडे इतरही संधी असतात, बघू या’ असं बोलतो. त्यात टीमचं नाव नसतं, व्यक्ती नसते, कारणही नसतं. तुमच्या बाबतीत तिन्ही आहेत: एनपीडी, तिथले मॅनेजर, आणि ड्रॉइंग वाचण्याची हातोटी. अशा वेळी मी तरी बोलणं खरं धरून चालेन. आता प्रश्न उरतो तो गाडी कुठे अडली आहे याचा. अडायच्या जागा मुख्यतः तीन असतात आणि प्रत्येकीवरचा उपाय वेगळा आहे.

पहिली जागा म्हणजे तुमचा मूळ निकालच लागलेला नसणं. मोठ्या कंपनीत तुमचं नाव एका ठरावीक मंजूर जागेच्या नावावर सिस्टीममध्ये चढलेलं असतं. लाइन क्वालिटीच्या त्या जागेवर ‘घेतले’ किंवा ‘नाही घेतले’ असा शेरा पडेपर्यंत तुम्ही क्वालिटीचे उमेदवार असता. त्यांनी आणखी दोघांच्या मुलाखती ठेवल्या असतील आणि ते दोघे न जमल्यास तुम्हालाच बोलवायचं असं मनात असेल, तर मॅनेजर तुम्हाला स्वतःहून एनपीडीच्या हवाली कशाला करतील? हे ते तुम्हाला सांगू शकत नाहीत, म्हणून नुसतं ‘चेक करतो’ म्हणतात. पोर्टलवर तुमच्या अर्जाची स्थिती अजून ‘अंडर रिव्ह्यू’ दिसत असेल तर हीच शक्यता पहिली धरा.

दुसरी जागा म्हणजे एनपीडीत मंजूर जागाच नसणं. मॅनेजरांनी जेवणाच्या टेबलावर विषय काढलेलाही असेल, आणि समोरून ‘माणूस हवाय, पण जागेला मंजुरी नाही, नवीन आर्थिक वर्षात बघू’ असं उत्तर आलं असेल. हा अडथळा दोघांच्याही हातात नाही. माणसांच्या जागा बजेटमधून येतात आणि बऱ्याच कंपन्यांत हे बजेट एप्रिलला नव्यानं सुरू होतं. नवीन ग्राहकाचा प्रोजेक्ट आला तर मध्येही जागा निघते, पण त्याचा अंदाज बाहेरून बांधता येत नाही.

तिसरी जागा सर्वांत साधी आणि माझ्या मते सर्वांत जास्त वेळा घडणारी. त्यांनी तुमच्यासाठी काय करायचं, हे कामच त्यांच्या पुढ्यात तयार पडलेलं नाही. गाठ घालून द्यायची म्हणजे त्यांना तुमचा रेझ्युमे एचआरच्या मेलमधून शोधायचा, तुम्ही कोण ते आठवून चार ओळी लिहायच्या, एनपीडीला तुमचा उपयोग काय ते मांडायचं. दहा मिनिटांचं काम, पण ते करायला लागतं ते स्वस्थ डोकं सकाळच्या प्रॉडक्शन मीटिंगनंतर, रिजेक्शनच्या ढिगात आणि ग्राहकाच्या तक्रारीत कुठून येणार? विसर पडतो तो असा. यावर उपाय एकच: ती दहा मिनिटं तुम्ही स्वतः खर्च करा आणि त्यांच्यासाठी फक्त ‘फॉरवर्ड’ दाबणं शिल्लक ठेवा.

म्हणून क्रम असा ठेवा. उद्या बुधवारी एचआरला छोटा मेल करा आणि त्यात फक्त मूळ जागेबद्दल विचारा: अमुक तारखेला लाइन क्वालिटीसाठी मुलाखत झाली, निर्णय झाला असल्यास कळवावा, आणखी कागदपत्रं हवी असल्यास पाठवतो. एनपीडीचा विषय इथे काढू नका. मॅनेजरांनी ते एचआरशी बोलून म्हटलं होतं की मुलाखतीच्या ओघात, हे तुम्हाला ठाऊक नाही. एचआरने उलट त्यांनाच ‘तुम्ही उमेदवाराला असं कसं सांगितलंत?’ म्हणून विचारलं तर तुमची गाठ घालून देणारा माणूसच अडचणीत येतो. अपवाद एकच. मॅनेजरांचा मेल किंवा नंबर तुमच्याकडे नसता तर एचआरमार्फतच जावं लागलं असतं, आणि तेव्हाही ‘सरांनी शब्द दिला होता’ असं न लिहिता ‘सरांनी एनपीडीचा पर्याय सुचवला होता’ असं लिहायचं.

एचआरचं उत्तर येवो न येवो, एक दिवस सोडून शुक्रवारी मॅनेजरांना मेल करा. मेल सकाळी अकराच्या सुमाराला जाऊ द्या. त्याआधी मीटिंग आणि शॉपवरची फेरी चाललेली असते. महिन्याचे शेवटचे तीन दिवस मात्र टाळा, कारण तेव्हा कारखाना डिस्पॅचच्या मागे असतो आणि तुमचा मेल खाली जातो तो वर येत नाही. शुक्रवार नेमका त्यात पडत असेल तर पुढच्या मंगळवारी पाठवा.

ते व्हॉट्सअॅपवर बोललेत, तरीही मुख्य मजकूर मेलवरच हवा. व्हॉट्सअॅपवरचा मजकूर दुसऱ्या मॅनेजरकडे औपचारिकपणे पाठवता येत नाही, रेझ्युमेची फाईलही गप्पांमध्ये हरवते. मेल गेल्यावर व्हॉट्सअॅपवर एकच ओळ टाका: ‘सर, एनपीडीच्या संदर्भात मेल पाठवला आहे, सवडीनं बघावा.’

आणि हा मेल नवा असू द्या. एचआरच्या जुन्या मेलला ‘रिप्लाय’ करून लिहू नका. त्या साखळीत खाली तुमचा सध्याचा पगार, अपेक्षित पगार, मुलाखतीची तारीख पुढे ढकलण्याच्या विनंत्या असं सगळं पडलेलं असतं. मॅनेजरांनी तोच मेल पुढे पाठवला की ते सगळं एनपीडीच्या मॅनेजरांपुढे उघडं होतं. तुमच्याशी पहिलं बोलणं होण्याआधीच त्यांच्या डोक्यात पगाराचा आकडा बसतो.

मेलचे दोन भाग करा. वरचा भाग मॅनेजरांसाठी, खालचा भाग त्यांनी जसाच्या तसा पुढे पाठवावा म्हणून. प्रत्यक्षात तुम्ही तो इंग्रजीत लिहाल, पण आशय असा असावा:

‘नमस्कार सर. अमुक तारखेला लाइन क्वालिटीच्या मुलाखतीत आपण माझ्यासाठी एनपीडी टीमचा पर्याय सुचवला होता. मला त्या कामात खरोखर रस आहे. आपल्याला सोयीचं जावं म्हणून थोडक्यात माहिती खाली लिहिली आहे आणि रेझ्युमे जोडला आहे. हे तिथल्या मॅनेजरांना पाठवणं आपल्याला योग्य वाटतं का, की मी एचआरमार्फत अर्ज करावा? सध्या तिथे जागा नसेल तर तसं कळवलंत तरी चालेल.’

आणि खाली, एक ओळ मोकळी सोडून:

‘मेकॅनिकल पदवी, क्वालिटीत चार वर्षं. कास्टिंग आणि मशीन केलेल्या भागांची तपासणी. सीएमएमचे प्रोग्रॅम स्वतः लिहितो. गेल्या वर्षभरात सहा नवीन भागांच्या पीपीएपी फायली पूर्ण केल्या, त्यांतील दोन भागांत ड्रॉइंगवरील डेटमची निवड बदलण्याची सूचना ग्राहकाने मान्य केली. एनपीडीत नवीन भागांच्या डेव्हलपमेंटवर काम करण्याची इच्छा. नोटीस पिरियड दोन महिने. सध्याच्या ठिकाणी याची कल्पना दिलेली नाही, कृपया तिथे चौकशी करू नये.’

सहा भाग, दोन डेटम, दोन महिने हे नमुन्यादाखल आहे. तुमचं खरं जे असेल तेच लिहा, कारण एनपीडीचा माणूस पहिला प्रश्न त्यावरच विचारणार. पण निवड कशी केली आहे ते बघा. लाइन क्वालिटीच्या रेझ्युमेत तुम्ही रोजची तपासणी, रिजेक्शन कमी करणं, ऑडिट असं वर ठेवलं असेल. एनपीडीला त्यातलं फारसं लागत नाही. त्यांना नवीन भाग पहिल्यांदा बनताना काय बिघडतं हे कळणारा माणूस हवा असतो: ड्रॉइंग ग्राहकाकडून आल्यावर त्यातली न बनण्यासारखी टॉलरन्स आधीच हेरणारा, फिक्स्चर कुठे पकडेल आणि माप कुठून घेतलं जाईल हे एकत्र बघणारा, पीपीएपी वेळेत बंद करणारा. तुमच्या कामात हे सगळं आहे, ते फक्त वर आणायचं. रेझ्युमेही त्याच क्रमानं फिरवून नवा पीडीएफ करा आणि फाईलला तुमचं नाव द्या. ‘फायनल-२-नवीन’ अशा नावाची फाईल पुढे पाठवताना समोरच्यालाच संकोच वाटतो.

वरच्या भागातल्या प्रश्नाकडे लक्ष द्या. त्याला ‘हो, पाठवतो’, ‘एचआरकडून या’ किंवा ‘जागा नाही’ असं तीन शब्दांत उत्तर देता येतं. आपल्याकडच्या अर्जांत शेवटी ‘प्लीज डू द नीडफुल’ लिहायची सवय आहे. त्यात काय करायचं हे समोरच्यानंच ठरवायचं राहतं, आणि तुमची गाडी नेमकी तिथेच अडली होती. ‘जागा नसेल तर तसं कळवा’ ही वाटही मुद्दाम ठेवली आहे. नकार कळवणं अवघड वाटतं म्हणून माणसं गप्प बसतात. नकाराला सोपी वाट दिली की निदान खरं काय ते कळतं.

सध्याच्या कारखान्यात न विचारण्याची ओळ विसरू नका. बेळगावचा औद्योगिक पट्टा लहान आहे. उद्यमबाग असो की मच्छे, एकाच फाउंड्रीचं कास्टिंग चार कारखान्यांत जातं आणि क्वालिटीची माणसं ग्राहक-पुरवठादार म्हणून एकमेकांना फोनवर ओळखतात. एनपीडीचे मॅनेजर सहज तुमच्याच क्वालिटी हेडला ‘हा मुलगा कसा आहे?’ म्हणून विचारतील. त्यात वाईट हेतू नसतो, पण तुमची नोकरी त्यात अवघड होऊन बसते.

आता उत्तरांचं. ‘पाठवलं आहे’ असं आलं तर आभार माना आणि सात-आठ कामाचे दिवस काहीही विचारू नका. चेंडू आता एनपीडीकडे आहे, क्वालिटी मॅनेजरांना रोज टोचून उपयोग नाही. त्यानंतरही शांतता असेल तर त्यांना एवढंच विचारा की तुम्ही त्या मॅनेजरांना सरळ लिहिलेलं चालेल का. तुम्हाला आणि एनपीडीच्या मॅनेजरांना मिळून असा ओळखीचा मेल आला तर त्याच दिवशी उत्तर द्या, पहिल्या ओळीत क्वालिटी मॅनेजरांचे आभार माना आणि पुढचं बोलणं एनपीडीच्या मॅनेजरांशी ठेवा. वेळ ठरवण्याच्या मेलांत पहिल्यांना ओढत राहू नका. बोलणं झाल्यावर मात्र त्यांना एका ओळीत काय झालं ते कळवा. हे बहुतेकजण विसरतात, आणि पुढच्या वेळी तोच माणूस हात आखडता घेतो.

‘सध्या जागा नाही’ असं आलं तर ‘साधारण कधी विचारू?’ हा एकच प्रश्न पुढे. त्यांनी महिना सांगितला तर त्या महिन्याच्या पहिल्या आठवड्यानंतर हाच मेल ताज्या माहितीसह पाठवा. सांगितला नाही तर एप्रिलचा दुसरा-तिसरा आठवडा धरा. मार्चअखेरीच्या धांदलीत लिहून काही हाती लागत नाही.

काहीच उत्तर आलं नाही तर आठ-दहा कामाच्या दिवसांनी दुसरा मेल, आणि तो काहीतरी नवं घडलं असेल तरच दमदार होतो: त्यांच्या वेबसाइटवर एनपीडीची जागा दिसली, तुमची एखादी पीपीएपी मंजूर झाली, किंवा तुम्हाला दुसरीकडून ऑफर आली आणि अमुक तारखेपर्यंत उत्तर द्यायचं आहे. ऑफर नसताना आहे म्हणून सांगू नका. तारीख विचारली की उघडं पडतं. नवं काहीच नसेल तर पहिलाच मेल फॉरवर्ड करून वर दोन ओळी लिहा. त्यालाही उत्तर नसेल तर या माणसाकडे तिसऱ्यांदा जाऊ नका. त्यांच्याकडून जे होण्यासारखं होतं ते झालं किंवा होणार नाही, दोन्हींत तिसरा मेल काही बदलत नाही.

वेबसाइटवरच्या अर्जाबद्दल घाई करू नका, पण विसरूही नका. बऱ्याच कंपन्यांत आतल्या माणसाची शिफारस नोंदवायची असेल तर उमेदवार त्या जागेसाठी आधीच सिस्टीममध्ये असून चालत नाही. तुम्ही आज अर्ज टाकला आणि उद्या मॅनेजरांनी तुमचं नाव घालायचं ठरवलं, तर सिस्टीम ‘उमेदवार आधीच आहे’ म्हणते आणि शिफारस बाजूला राहते. म्हणून एनपीडीची जागा जाहीर झालेली दिसली तर तिचा जॉब आयडी शुक्रवारच्या मेलमध्ये लिहा आणि अर्ज करू का हे विचारा. शेवटची तारीख तीन-चार दिवसांवर आली असेल तर मात्र न थांबता अर्ज करा आणि मेलमध्ये ‘मुदत संपत असल्याने अर्ज केला आहे’ असं लिहा. आणखी एक अडसर बघून ठेवा. काही कंपन्या एकदा नाकारलेल्या उमेदवाराला काही महिने पुन्हा अर्ज करू देत नाहीत. हा नियम त्याच पदापुरता आहे की सगळ्या कंपनीला लागू, हे कंपनीवर अवलंबून असतं. एचआरकडून नकार आला तर त्याच मेलच्या उत्तरात ‘दुसऱ्या विभागातील जागेसाठी अर्ज करता येईल का?’ असं विचारून घ्या. इथे विचारलेलं चालतं, कारण त्यात मॅनेजरांचं नाव येत नाही.

बाबांच्या ओळखीचं जरा सांभाळून. आत्ता तुमच्याबाजूनं बोलायला एक माणूस तयार आहे आणि तो तुमचं काम पाहून तयार झाला आहे. त्याच वेळी दुसऱ्या बाजूनं, कदाचित वरच्या पदावरून, ‘आपल्या माणसाचा मुलगा आहे, बघा जरा’ असा फोन गेला तर एनपीडीच्या मॅनेजरांच्या मनात पहिली शिफारसही वशिल्याची ठरते. त्या गृहस्थांचा उपयोग माहितीपुरता करा: एनपीडीत सध्या माणसं घेतायत का, टीम बेळगावात बसते की पुण्याला किंवा बंगळूरला, काम कास्टिंगचं जास्त की मशीनिंगचं. एवढं बाबांनी चहा पिता पिता विचारलं तरी तुमचा मेल नेमका होतो. टीम कुठे बसते हे तर विचाराच. मुलाखत बेळगावात झाली म्हणून नोकरीही बेळगावात असेलच असं नाही.

हेच एखाद्या साठ-सत्तर माणसांच्या कारखान्यात घडलं असतं तर एवढा व्याप लागला नसता. तिथे दुसरी टीम म्हणजे पलीकडची शेड, मंजुरी देणारे मालक स्वतः, आणि मेल कुणी उघडत नाही. चार-पाच दिवसांनी दुपारच्या जेवणानंतर फोन करून ‘सर, भेटायला येऊ का?’ विचारलं की पुरतं. मोठ्या कंपनीत मात्र गेटवर जाऊन उभं राहू नका. आतल्या माणसानं पास काढल्याशिवाय सोडत नाहीत, आणि तुमच्यासाठी पास काढणं हे मॅनेजरांना आणखी एक काम होऊन बसतं.

सगळीकडून शांतता राहिली आणि महिन्या-दोन महिन्यांनी एनपीडीची जागा वेबसाइटवर दिसली, तर स्वतः अर्ज करा आणि तिथल्या मॅनेजरांचं नाव ठाऊक असेल तर त्यांना सरळ लिहा. क्वालिटी मॅनेजरांचा उल्लेख केला तरी चालेल, पण घडलं तेवढाच: ‘लाइन क्वालिटीच्या मुलाखतीत सरांनी या कामाचा पर्याय सुचवला होता.’ ‘सरांनी शिफारस केली आहे’ असं लिहू नका. ते वाचून एनपीडीचे मॅनेजर फोन उचलून क्वालिटी मॅनेजरांनाच विचारणार. त्यांना तुम्ही आठवत असाल तर ‘हो, सुचवलं होतं, मुलगा बरा आहे’ एवढं ते म्हणतील आणि तुमचं काम होईल. शिफारसच केलेली नसेल तर त्यांना ‘नाही’ म्हणावं लागेल.